बिल अकराशे सत्त्याऐंशीची बाकी

दुर्गाबाईंचा फोन आला नाही, त्यांच्या सुनेचा आला. तिथेच सुभद्राताईंच्या मनात चर्र झालं.

अकोल्यात शिवणीच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइपांचं ठोक दुकान आहे. त्या दुकानाच्या हिशेबाच्या टेबलावर सुभद्रा गावंडे नावाची ही बाई चौतीस वर्षं बसलेली. पहिली काही वर्षं रोज पातूरहून एसटीने यायची, मग अकोल्यातच कौलखेडला दोन खोल्या घेतल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची कोणाची टाप नव्हती, आणि ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर मिळालं, की मला वेळ नाही, मार्चएंड आहे. बाई तशी फटकळ. पण तिच्या हाताखालून गेलेल्या कागदावर कोणी बोट ठेवून दाखवावं! निदान त्या सोमवारपर्यंत तरी तसं कोणी ठेवलं नव्हतं.

तर ऑगस्टातला सोमवार. नुकताच चहा झालेला. फोनवर पलीकडून रागिणी.

“नमस्कार काकू, मी शेंदूरजनाघाटहून बोलून राहिली. दुर्गाबाईंची सून. आईंनी तुमचं काय काय थकवलं हाये, तेवढं एकदा सांगता काय?”

“थकवलं?” सुभद्राताई म्हणाल्या. “कोणी? दुर्गाबाईंनी?”

“हो ना. जुलैमदी एक मेसेज आला, मंग ओव्हरड्यूचे दोन आले. बिल अकराशे सत्त्याऐंशी, तेवीस हजार सहाशे. आई म्हणतात का देऊन टाकले. यांनी म्हटलं, दाखवा मंग. तं त्यांच्या वहीत फक्त लिहेल हाये, चाळीस वापस, कापले. बस. ना पावती ना कागद.” मग रागिणीचा आवाज खाली गेला. “काकू, आईंचं वय झालं. मागच्या महिन्यात गॅस चालूच राहेला होता. यांनी आज सकाळी गल्ल्याच्या चाब्या घेतल्या. म्हणाले, आई, आता तू घरीच बस. आई तं जेवल्या बी नाई. म्हणून म्हटलं, खरं काय ते तरी समजू द्या.”

सुभद्राताईंनी तासाभरात सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. रागिणीचा त्यांना राग आला नाही. उलट पोरगी शहाणी वाटली, तिने निदान विचारलं तरी. राग आला तो मेसेजचा.

दुर्गाबाई आणि थकबाकी! हे दोन शब्द एका वाक्यात ऐकायची वेळ येईल असं त्यांना कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी दुर्गाबाईंचा नवरा अचानक गेला तेव्हा त्याच्या दुकानावर इथलं बरंच येणं होतं. त्या वेळचे मालक खुशालराव, म्हणजे आताच्या गजेंद्रचे वडील, सुभद्राताईंना म्हणाले होते, “त्या बाईले पत्र लिव. पण पैशाचं नको लिवू. हिशेब लिव. काय आलं, काय गेलं, काय राहिलं. तिले समजलं पाहिजे का आपल्या हातात काय हाये.” सुभद्राताईंनी चार पानी पत्र लिहिलं. एकेक बिल, त्याची तारीख, कोणता माल, कोणता परत. महिनाभराने उत्तर आलं, पेन्सिलीनं लिहिलेलं पोस्टकार्ड. “तुमचं पत्र तीनदा वाचलं. समजलं. दर महिन्याले हजार पाठवीन. दुकान बंद करणार नाही.” आणि पाठवले की बाईनं! सव्वादोन वर्षं, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत.

पुढे दुर्गाबाईंची अशी एक रीतच पडली. माल आला की उतरवतानाच एकेक नग बघायचा. खराब असेल तो बाजूला काढून त्याच गाडीने नाहीतर पुढच्या गाडीने परत पाठवायचा, आणि बिलाचे पैसे देताना परत गेलेल्याचे कापूनच द्यायचे. वऱ्हाडातले बरेच दुकानदार असंच करतात. तुमचा कागद कधी येईल तो येईल, आम्ही आमचं कापलं. शहरातल्या कंपन्यांना ही रीत खपत नाही. पण खुशालराव म्हणायचे, माल आपलाच खराब निघाला ना, मग ती बिचारी आपल्या कागदाची वाट कायले पाहील? फक्त आपला कागद मागून जायलाच पाहिजे, आणि तो असा जायला पाहिजे की तिच्या वहीशी तंतोतंत जुळला पाहिजे.

तो कागद म्हणजे क्रेडिट नोट. परत आलेल्या मालाचे पैसे आम्ही तुमच्या खात्यात जमा धरले, असं दुकानाने लिहून देणं. सुभद्राताई तेव्हा ती नोट पाकिटात घालून पाठवायच्या, सोबत चार ओळी. तुमचे अमुक पाइप अमुक कारणाने आले, ते अमुक बिलातून वजा केले, आता अमुक बाकी. वर “पाऊस कसा आहे” आणि “मुलगा कितवीत गेला” हेही असायचं. डिसेंबरात वरुडहून येणाऱ्या एसटीच्या टपावर संत्र्यांची पेटी यायची. वर सुतळीने बांधलेली चिठ्ठी, “सुभद्राबाईसाठी, मालकाले देऊ नये.” खुशालराव ती चिठ्ठी स्वतः वाचून मोठ्यानं हसायचे आणि मग चार संत्री हक्काने उचलायचे. काय दिवस होते ते! अख्खं ऑफिस आठवडाभर संत्र्याच्या सालीनं घमघमायचं. या दोन बाया एकमेकींना आजवर एकदाही भेटलेल्या नाहीत, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटायचं नाही.

आता ना पत्र, ना पेटी. संत्र्यांच्या झाडांना मध्ये रोग आला, दुर्गाबाईंनी मळा विकला. खुशालराव जाऊन सहा वर्षं झाली. गजेंद्रने सॉफ्टवेअर आणलं. आता नोट केली की मेसेज आपला आपण जातो.

सुभद्राताईंनी चष्मा सावरला आणि तो मेसेज उघडला. एकच ओळ होती. “डिअर पार्टी, सीएन ९३, दि. १८ जुलै, रु. २३६००, रीझन अदर्स, क्लोजिंग बॅलन्स रु. ४१३०० डेबिट.”

“हे काय आहे?” त्या इतक्या जोरात म्हणाल्या की समोर बसलेल्या मंजुषाच्या हातातला स्टेपलर पडला. “मंजुषा, तूच सांग. हे वाचून तुला काही कळलं?”

मंजुषा दोन वर्षांपासून बिलं करते. तिने वाचलं. “तेवीस हजार सहाशेचं काहीतरी आहे. आणि एक्केचाळीस हजार तीनशे द्यायचे आहेत.”

“कशाचं काहीतरी?”

“अदर्स.”

“कोणत्या बिलाचं?”

“ते नाही दिलेलं.”

“मग त्या बाईनं काय समजायचं? कपाळ!” सुभद्राताई उठल्या आणि तडक गजेंद्रच्या केबिनमध्ये. “गजेंद्र, तुझ्या त्या सॉफ्टवेअरनं दुर्गाबाईंना घरी बसवलं.”

गजेंद्र भला माणूस. चाळिशीचा, डोक्यावरचे केस गेलेले, वडिलांसारखा हसरा. ऐकून घेतलं, खातं उघडलं. जूनच्या नऊ तारखेचं बिल अकराशे सत्त्याऐंशी, दोनशे पाइप, एक लाख अठरा हजार. त्यातले चाळीस पाइप परत आले, सॉकेटला, म्हणजे जोडाच्या तोंडाला, चिरा होत्या. चार जुलैला दुर्गाबाईंकडून जमा चौऱ्याण्णव हजार चारशे. मधे दोन जुलैचं दुसरं बिल, तेराशे बेचाळीस, एक्केचाळीस हजार तीनशेचं. आणि अठरा जुलैची क्रेडिट नोट तेवीस हजार सहाशेची.

“काकू, टोटल तं बरोबर हाये,” गजेंद्र म्हणाला. “एक्केचाळीस हजार तीनशे येणं हाये. तेवढंच दाखवून राहिलं.”

“टोटल बरोबर आहे रे. पण बिलं बघ.”

त्याने बिलवार यादी काढली. तिथे अकराशे सत्त्याऐंशीच्या पुढे बाकी तेवीस हजार सहाशे, मुदत टळलेली. तेराशे बेचाळीस अख्खं उभं. आणि सगळ्यात खाली क्रेडिट नोट त्र्याण्णव, कोणत्याच बिलाला न लावलेली, नुसती खात्यावर जमा.

“पाहिलंस? दुर्गाबाईंनी कापून पैसे दिले. आपण नोट दिली, पण ती बिलाला लावलीच नाही. म्हणून बिल उघडंच राहिलं, आणि तुझं मशीन बसलं ओव्हरड्यू ओव्हरड्यू करत! पैसे आहेत इथंच, आपल्याजवळ, दोन ओळी खाली. आणि ती बाई तिकडे चोर ठरली.”

“बरं, बरं. कोणी केली होती एंट्री?” गजेंद्रने सहज विचारलं आणि एक बटण दाबलं.

सुभद्राताई तोंड उघडणार होत्या. नवीन पोरं, घाई, लक्ष नाही, असं बरंच काही जिभेवर तयार होतं. पडद्यावर वापरणाऱ्याचं नाव आलं. सुभद्रा.

गजेंद्रने शहाणपणाने पाण्याचा ग्लास उचलला.

त्यांना आता तो दिवस लख्ख आठवला. अठरा जुलै. सीएकडे कागद द्यायचे होते, अकरा नोटा एका बैठकीत. गोडाऊनवरून आलेल्या परतीच्या चिठ्ठीवर पाइप किती ते होतं, बिलाचा नंबर नव्हता. शोधायला दहा मिनिटं लागली असती. सॉफ्टवेअरने विचारलं, कोणत्या बिलाला लावू? त्यांनी मनात म्हटलं, नंतर भरू, आणि नुसतं खात्यावर जमा करून टाकलं. त्याने विचारलं, कारण? त्यांनी यादीतलं सगळ्यात खालचं, इतर, दाबलं. त्यांना कोणी घाई केली नव्हती. डोळे दुखत होते आणि कंटाळा आला होता, एवढंच. चौतीस वर्षांत पहिल्यांदा कंटाळा आला होता.

“काकू, बसा,” गजेंद्र म्हणाला. “होते असं. मी सांगतो त्यायले, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम होता म्हणून. कोण विचारते?”

खरंच कोणी विचारलं नसतं. आजकाल मशीनवर काहीही ढकला, लोक मान डोलावतात. सुभद्राताईंना एक क्षण ते फार बरं वाटलं, आणि लगेच स्वतःची शरम वाटली. आपण जागेवर बसलो आहोत. शेंदूरजनाघाटची बाई, आपल्याच एका बटणामुळे, जेवली नाही.

“मला आधी ते दुरुस्त करू दे,” एवढंच म्हणून त्या बाहेर आल्या.

पहिलं काम हिशेबाचं. नवीन नोट काढायची नाही, हे मंजुषाला त्यांनी दोनदा बजावलं. कारण नवीन काढली तर त्याच पाइपांची दोनदा सूट होईल आणि जीएसटीतही घोळ. तीच त्र्याण्णव नंबरची नोट उघडली, नंबर तोच, तारीख तीच. खात्यावर मोकळी पडलेली रक्कम अकराशे सत्त्याऐंशीला लावली, मूळ बिलाचा नंबर आणि तारीख घातली, कारण इतरच्या जागी माल परत असं केलं. यादी पुन्हा काढली. अकराशे सत्त्याऐंशी यादीतून गेलं. उरलं फक्त तेराशे बेचाळीस.

“झालं की काकू,” मंजुषा म्हणाली. “आता मेसेज रीसेंड करते.”

“तोच? डिअर पार्टी? खबरदार! सरक. मी लिहिते.”

आणि मग सुभद्राताई लिहायला बसल्या, पण येईना. काय गंमत बघा, ज्या बाईनं आयुष्यभर पत्रं लिहिली तिला एक मेसेज लिहिता येईना. पहिला लिहिला तो पत्रासारखाच झाला. पाऊस, प्रकृती, खुशालरावांची आठवण, क्षमा, आणि आकडे पार शेवटी, स्क्रीन तीनदा वर ढकलल्यावर. त्यांनी मंजुषाला वाचायला दिला.

“छान आहे,” मंजुषा म्हणाली, आणि जरा चाचरत, “पण काकू, त्यांच्या मुलाला हे सगळं वाचायला वेळ असेल का? त्याला पैसे दिले का नाही दिले, हेच बघायचंय ना?”

पोरगी बरोबर बोलली होती. हा मेसेज दुर्गाबाई एकट्या वाचणार नव्हत्या. रागिणी वाचणार, आणि तो चाब्या घेऊन बसलेला तिचा नवरा श्याम ऐकणार. सुभद्राताईंनी सगळं पुसलं.

दुसरा लिहिला तो फार आखूड झाला. “क्रेडिट नोट ९३ बिल ११८७ ला ॲडजस्ट केली, बाकी रु. ४१३००.” मंजुषाने आपणहूनच विचारलं, ही एक्केचाळीस हजाराची बाकी कशाची? अकराशे सत्त्याऐंशीची वाटते. खरंच तशी वाटत होती. आणि ॲडजस्ट म्हणजे नेमकं काय? कशातून काय गेलं? सुभद्राताईंनी तो शब्दच काढला. त्याऐवजी वजाबाकी मांडली, चौथीच्या पोरालाही पडताळता येईल अशी. मग वहीतला दुर्गाबाईंचा शब्द आठवला, चाळीस वापस. तो आकडा वरच आला पाहिजे. रुपयांच्याही आधी पाइप. म्हणजे बाईची वही आणि आपला कागद समोरासमोर ठेवता येईल.

शेवटी झाला तो असा.

“दुर्गाबाई, नमस्कार. तुम्ही परत पाठवलेले ४० पाइप (सॉकेटला चिरा) आम्हाला मिळाले. त्याची क्रेडिट नोट क्र. ९३, दि. १८ जुलै, रु. २३,६०० (माल २०,०००, जीएसटी ३,६००). ही नोट बिल क्र. ११८७, दि. ९ जून, याची आहे.
बिल रु. १,१८,०००. त्यातून परत मालाचे २३,६०० वजा. तुम्ही ४ जुलैला दिलेले ९४,४०० वजा. या बिलाची बाकी शून्य.
आता खात्यावर फक्त बिल क्र. १३४२ चे रु. ४१,३०० आहेत. त्याची मुदत १६ ऑगस्ट. आज थकीत काहीही नाही.
ही नवीन नोट नाही, १८ जुलैचीच आहे. तेव्हा बिलाचा नंबर घालायचा राहिला, म्हणून थकबाकीचे चुकीचे मेसेज गेले. ते मेसेज धरू नयेत. चूक माझी आहे, तुमचा हिशेब बरोबर होता. सुभद्रा गावंडे.”

सोबत दुरुस्त नोट जोडली, दुर्गाबाईंच्या सीएसाठी. त्यांनाही आपल्या बाजूला छत्तीसशेचा कर कमी दाखवावा लागणार होता.

गजेंद्रने वाचला. बराच वेळ वाचला. “मस्त हाये काकू. एकदम क्लीअर. फक्त ते चूक माझी हाये, हे काढा ना. उद्या हा मेसेज दहा दुकानात फिरते. मंग ज्याले पैसे द्यायचे नाई तो म्हणते, तुमचीच चूक असेल.”

“आणि थकीत काहीही नाही, एवढ्यावर भागेल म्हणतोस?”

“भागेल ना. मुद्दा तं तोच हाये.”

“नाही गजेंद्र. मुद्दा तो नाही.” सुभद्राताईंचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. “थकीत नाही असं लिहिलं तर श्याम म्हणेल, चला, आईचं नशीब, बरोबर निघालं. त्याला हे कळायला पाहिजे की कोणीतरी चुकलं होतं, आणि ती त्याची आई नव्हती. चूक जोपर्यंत कोणाच्या नावावर लागत नाही तोपर्यंत ती त्या बाईच्याच नावावर राहणार. माझ्या नावावर लाव. माझीच आहे ती.”

गजेंद्र वडिलांच्या फोटोकडे पाहत होता की भिंतीवरच्या घड्याळाकडे, सांगता येत नाही. फोटो आणि घड्याळ शेजारी शेजारीच आहेत. “पाठवा,” तो म्हणाला. “आणि खाली दुकानाचंही नाव टाका. एकट्या तुमच्याच नावानं कायले?”

मेसेज गेला. पावणेबारा वाजले होते.

आता वाट पाहणं. सुभद्राताईंना नुसतं बसवत नाही. अठरा जुलैच्या उरलेल्या दहाही नोटा त्यांनी काढल्या. आणखी दोन तशाच लोंबकळत निघाल्या, एक वलगावची, एक पातूरची. दोन्ही बिलांना लावल्या, दोन्ही दुकानदारांना तसेच मेसेज केले, कारण, बिल आणि बाकी लिहून, खाली आपलं नाव घालून. मंजुषाला तिथेच शिकवलं, की बिलाचा नंबर हातात आल्याशिवाय नोटेला हात लावायचा नाही, आणि इतर हे बटण या ऑफिसात नाही असं समजायचं. मंजुषानं मान हलवली. तिला काकूंचे डोळे लाल झालेले दिसत होते, पण बोलायची सोय नव्हती.

डबा उघडला. भाजी-भाकरी समोर होती. एक घास खाल्ला आणि डबा परत लावला. दीड वाजला. रागिणीचा काही पत्ता नाही. दोन निळ्या खुणा मात्र केव्हाच आल्या होत्या. म्हणजे वाचला होता. मग बोलत का नाहीत? पूर्वी पत्र टाकलं की आठ दिवस कशी निवांत वाट बघता यायची. उत्तर येईल तेव्हा येईल. आता समोरच्यानं वाचलं हे कळतं, आणि गप्प आहे हेही कळतं, आणि त्या गप्प राहण्याचे माणूस हजार अर्थ लावत बसतो. श्यामला पटलं नसेल. किंवा पटलं असेल पण उशीर झाला असेल. किंवा दुर्गाबाई म्हणाल्या असतील, सत्तावीस वर्षांनी माझ्यावर ही वेळ आणली, आता तुमच्या दुकानाचं नावही नको. म्हणाल्या तर काय चुकलं त्यांचं? सुभद्राताईंनी मनातल्या मनात त्यांचं खातं बंद करून पाहिलं. एवढी वर्षं खुर्चीला चिकटून काढली ती कशासाठी, असा प्रश्न त्यांना आजवर पडला नव्हता. तो नेमका आज पडला.

अडीचला फोन वाजला. या वेळी दुर्गाबाई स्वतः.

“सुभद्राबाई?”

“हो, मीच. दुर्गाबाई, मी…”

“थांबा. मले बोलू द्या आधी.” आवाज म्हातारा झाला होता, पण दमदार होता. “रागिणीनं मले दुकानात नेऊन वाचून दाखवला. मी म्हटलं, पुन्हा वाच. मंग वही आनली, चाळीस वापसचं पान काढलं, न् म्हटलं, आता एक एक आकडा वाच, मी बोट ठेवतो. एक लाख अठरा. हाये. तेवीस सहाशे. हाये. चौऱ्याण्णव चारशे. हाये. शून्य.” त्या थांबल्या. “शून्य म्हटल्यावर मी रडली वो बाई. एवढ्या मोठ्या बाईनं गिऱ्हाइकासमोर रडाव काय? पन रडली.”

“चूक माझी होती दुर्गाबाई. पूर्ण माझी. मी नंबर टाकला नाही.”

“वाचलं ना मी ते. तेच तं श्यामले तीनदा वाचाले लावलं.” पलीकडे बाई हसली. “तुमाले सांगू? पैशाचं काई नाई. हे पोट्टे म्हणून राहिले का आई इसरते. मी म्हटलं, नाई इसरत. पन तो मेसेज एकदा आला, दोनदा आला, तिसऱ्यांदा आला. मंग मलेच वाटाले लागलं का आपलं डोस्कं गेलं. माह्याच हातानं लिहेल आकडा, न् मले तो खोटा वाटून राहिला. माणसाले आपलाच हात खोटा वाटला तं मंग राहिलं काय, सांगा बरं?”

सुभद्राताईंनी फोन कानाला गच्च धरला.

“श्याम काय म्हणाला?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“तो काय म्हणते! उठला, न् चाब्या आनून माह्यासमोर ठेवल्या. तोंडानं काई बोलला नाई. त्याच्या बापावर गेला ना, बोलता येत नाई.”

“मग बसा आता गल्ल्यावर. आणि जेवा आधी.”

“जेवली. म्हणून तं फोनले उशीर झाला.” मागे दुकानात कोणीतरी पाइप ओढत असल्याचा आवाज येत होता. “गल्ल्यावर नाई बसत आता. चाब्या देल्या मी त्याले परत. त्र्याहत्तर वर्षं झाले, किती दिवस बसाव? पन सकाळी त्यानं माह्याजवळून घेतल्या होत्या, सुभद्राबाई. आता मी देल्या.”

सुभद्राताईंनी “हो” म्हटलं. मग दुर्गाबाईंनी विचारलं, तेराशे बेचाळीसचे सोळा तारखेले द्यायचे ना, आणि सुभद्राताईंनी डोळे पुसत सांगितलं, हो, सोळालाच.